कॅश तेवढीच ठेवून मिस पेनल्टी कमी करा: राइट बफर आणि क्रिटिकल वर्ड फर्स्ट

हा लेख एफपीजीए बोर्डावर पहिल्यांदाच स्वतःचा छोटा रिस्क-फाइव्ह प्रोसेसर उभा करणाऱ्यांसाठी आहे. कॅश चालू झाली आहे, प्रोग्राम बरोबर उत्तर देतो, पण वेग हवा तेवढा मिळत नाही, अशा टप्प्यावर तुम्ही असाल तर पुढच्या पायऱ्या तुमच्या कामाच्या आहेत.

उदाहरण आमच्याच वर्गातलं घेतो. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत संध्याकाळी येणाऱ्या मुलांच्या एका गटाने उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपसाठी लेथच्या स्पिंडलचं कंपन मोजणारं यंत्र हाती घेतलं होतं. सेन्सरचे नमुने मेमरीत जमा होतात, प्रोसेसर ते एकेक करून उचलतो, फिल्टरमधून काढतो आणि दुसऱ्या ॲरेत लिहितो. फिल्टरचं काम एवढंच:

```c
for (i = 0; i < n; i++) {
    s = s + ((x[i] - s) >> 3);
    y[i] = s;
}
```

नमुने येण्याच्या वेगाशी प्रोसेसरला मेळ जमेना. एकजण लगेच म्हणाला, "सर, कॅश डबल करूया की!" पण एफपीजीएमधली ब्लॉक रॅम संपत आली होती. शिवाय या प्रोग्रामला कॅश दुप्पट करून काही मिळणारही नव्हतं. `x` मधला नमुना एकदा वाचला की परत लागत नाही आणि `y` मधला एकदा लिहिला की या लूपला त्याचं काम नाही. ॲरे कॅशपेक्षा मोठे आहेत. मिस होणारच, आणि जेवढे आज होतात तेवढेच उद्याही होणार. मग प्रश्न उरतो तो प्रत्येक मिसला किती वेळ थांबायचं एवढाच. तो वेळ म्हणजे मिस पेनल्टी.

आधी थांबण्याचा हिशोब कागदावर मांडा

कोडला हात लावण्याआधी हे करा. आमचा प्रोसेसर ३२ बिटांचा, सूचना क्रमाने चालवणारा, आणि मिस झाला की थांबून राहणारा आहे. कॅश ४ केबी, डायरेक्ट मॅप्ड, राइट बॅक पद्धतीची, ब्लॉक ६४ बाइटचा. ४ बाइटचा एक वर्ड धरला तर एका ब्लॉकमध्ये १६ वर्ड. लिहिताना मिस झाला तरी ब्लॉक आधी कॅशमध्ये आणला जातो. बाहेर साधी एसडीरॅम आहे आणि तिची रुंदी फक्त १६ बिट, म्हणजे एक वर्ड आणायला २ क्लॉक लागतात.

आता एक मिस उलगडून बघू. पत्ता पाठवणं, रो उघडणं, कॉलम निवडणं आणि कंट्रोलरचे स्वतःचे एकदोन क्लॉक धरून पहिला वर्ड हातात पडायला १२ क्लॉक लागतात असं धरा. त्यापुढचे १५ वर्ड दर २ क्लॉकला एक येतात, त्यांचे ३०. म्हणून पूर्ण ब्लॉक यायला ४२ क्लॉक. ब्लॉक परत मेमरीत लिहायचा झाला तर साधारण ४०. तुमच्या बोर्डावर हे आकडे थोडे वेगळे येतील, ते सिम्युलेशनमधल्या वेव्हफॉर्मवरून मोजून घ्या. पण ४२ मधले ३० क्लॉक निव्वळ वाहतुकीचे आहेत, हे प्रमाण लक्षात ठेवा. पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

लूपच्या एका फेरीला, मिस नसेल तेव्हा, १० क्लॉक लागतात. `x[i]` चं वाचन फेरीच्या सुरुवातीला आणि `y[i]` चं लेखन त्यानंतर ५ क्लॉकने. दोन्ही ॲरे ६४ च्या पटीत सुरू होत असतील तर दर १६ फेऱ्यांमागे दोन मिस होतात, आणि दोन्ही एकाच फेरीत, लागोपाठ. आधी `x` चा, लगेच मागून `y` चा.

कुठल्या मिसमध्ये डर्टी ब्लॉक बाहेर पडतो, हेही शोधा. दोन्ही ॲरे कॅशच्या सगळ्या जागांवरून एकामागून एक फिरत जातात. त्यामुळे एका जागेवर कधी `x` चा ब्लॉक बसतो, मग `y` चा, परत `x` चा. `x` चा ब्लॉक येतो तेव्हा तिथे `y` चा लिहिलेला, म्हणजे डर्टी ब्लॉक बसलेला असतो. `y` चा येतो तेव्हा तिथे `x` चा नुसता वाचलेला ब्लॉक असतो, तो टाकून दिला तरी चालतो. म्हणजे दोन मिसपैकी एकातच लिहिण्याचं काम निघतं.

आता १६ फेऱ्यांचा हिशोब: कामाचे १६० क्लॉक, दोन ब्लॉक आणायचे ८४, एक ब्लॉक लिहायचा ४०. एकूण २८४. यातले १२४ क्लॉक प्रोसेसर नुसता थांबलेला आहे.

राइट बफर: आधी वाचा, मग लिहा

सुरुवातीच्या साध्या कंट्रोलरमध्ये मिस झाला की आधी जुना डर्टी ब्लॉक मेमरीत लिहिला जातो आणि मग नवा वाचला जातो. क्रम सरळ आहे, पण तो नेमका उलटा हवा. प्रोसेसर ज्याच्यासाठी खोळंबला आहे तो नवा ब्लॉक आहे. जुन्या ब्लॉकची कुणीच वाट बघत नाही.

म्हणून कॅश आणि मेमरी यांच्यामध्ये एका ब्लॉकची, म्हणजे ६४ बाइटची, एक वेगळी जागा ठेवा. तिच्यासोबत ब्लॉकचा पत्ता आणि एक व्हॅलिड बिट. मिस झाला की वाचनाची विनंती ताबडतोब मेमरीकडे पाठवा. पहिला वर्ड यायला १२ क्लॉक आहेतच. तेवढ्यात जुना ब्लॉक दर क्लॉकला एक वर्ड या वेगाने बफरमध्ये उचलून ठेवायला लागा. १६ वर्डना १६ क्लॉक लागतील आणि नवे वर्ड १२ व्या क्लॉकपासून यायला लागतील, तरी टक्कर होत नाही, कारण उचलणारा दर क्लॉकला एक घर पुढे सरकतो आणि भरणारा दोन क्लॉकला एक. अट एकच: दोघांचा क्रम सारखा हवा. पुढे आपण भरण्याचा क्रम बदलणार आहोत, तेव्हा उचलण्याचाही बदलावा लागेल. हे विसरलं तर जुन्या ब्लॉकच्या मधल्याच एखाद्या वर्डवर नवा वर्ड बसतो आणि तो चुकीचा वर्ड नंतर मेमरीत लिहिला जातो. चूक दिसते ती खूप उशिरा, भलत्याच ठिकाणी.

बफर बसवल्यावर मुलांनी गणित केलं: ४० क्लॉक वाचले, म्हणजे २८४ चे २४४ व्हायला हवेत. बोर्डावर मोजले तर २७९ आले.

कारण वेव्हफॉर्ममध्ये स्वच्छ दिसत होतं. `x` चा ब्लॉक आला, मेमरी मोकळी झाली, आणि बफरने त्याच क्षणी आपला ब्लॉक लिहायला काढला. पाच क्लॉकनंतर `y` चा मिस झाला. पण मेमरी लिहिण्यात गुंतलेली, अजून ३५ क्लॉकचं काम बाकी. सुरू झालेलं लिखाण मध्येच तोडायची सोय कंट्रोलरमध्ये नव्हती. म्हणून `y` चं वाचन ३५ क्लॉक ताटकळलं. थांबणं पुसलं गेलंच नव्हतं, `x` च्या मिसवरून उठून `y` च्या मिसपुढे जाऊन बसलं होतं. ४० पैकी पदरात पडले फक्त ५.

नवख्या माणसाचा राइट बफर बहुतेक वेळा इथेच फसतो. वाचनाला प्राधान्य द्या, असं पुस्तकात वाचलेलं असतं आणि ते प्राधान्य दिलेलंही असतं, पण फक्त एकाच क्षणी दोन्ही विनंत्या उभ्या असतील तेव्हापुरतं. लिखाण सुरू व्हायच्या क्षणी वाचनाची विनंती आलेलीच नसते, ती पाच क्लॉकनंतर येते. मिस एकटा येत नाही, त्याच्यामागून दुसरा येण्याची शक्यता मोठी असते. म्हणून बफरने थोडं थांबायला शिकलं पाहिजे.

आम्ही एक छोटा काउंटर घातला. मेमरी सलग १६ क्लॉक मोकळी राहिली तरच बफर लिहायला सुरुवात करतो. या लूपमध्ये `y` चा मिस पाचव्याच क्लॉकला येतो, म्हणजे तोवर बफर गप्प असतो. `y` चा ब्लॉक आला की पुढे दीडशेच्या आसपास क्लॉक मेमरीला काहीच काम नसतं. १६ क्लॉक वाट बघून ४० क्लॉकचं लिखाण त्यात आरामात उरकतं. आता बोर्डावर २४४ आले.

किती थांबायचं याला नियम नाही. तुमच्या प्रोग्राममध्ये दोन मिसमधलं अंतर किती असतं ते मोजा आणि त्याहून थोडं जास्त ठेवा. फार जास्त ठेवलं तर पुढचा डर्टी ब्लॉक येईपर्यंत बफर भरलेलाच राहतो, आणि मग आधी बफर रिकामा करण्यासाठी प्रोसेसरला थांबवावं लागतं. आमच्या लूपमध्ये दर दोन मिसमागे एकच डर्टी ब्लॉक निघतो, म्हणून एका ब्लॉकचा बफर पुरला. तुमच्याकडे लागोपाठचे दोन्ही मिस डर्टी ब्लॉक काढत असतील तर दोन ब्लॉकची जागा ठेवा.

बफरमधला पत्ता तपासल्याशिवाय वाचू नका

राइट बफरमुळे वेग मिळतो तसा एक धोकाही येतो. बफरमध्ये बसलेल्या ब्लॉकची ताजी प्रत जगात फक्त तिथेच असते. कॅशमधून ती निघाली आहे आणि मेमरीत अजून पोचलेली नाही. त्या अवधीत प्रोसेसरने तोच ब्लॉक परत मागितला आणि कंट्रोलर सरळ मेमरीकडे गेला, तर शिळा डेटा मिळतो.

हे घडवून आणण्याची चाचणी अगदी लहान आहे. कॅश ४ केबीची आणि डायरेक्ट मॅप्ड आहे, म्हणून `0x1000` च्या अंतरावरचे दोन पत्ते एकाच जागेवर बसतात.

```c
volatile int *a = (int *)0x80001028;
volatile int *b = (int *)0x80002028;
*a = 7;
int t = *b;
int v = *a;
```

`*a` मध्ये ७ लिहिल्यावर तो ब्लॉक कॅशमध्ये डर्टी होतो. `*b` वाचताना तो ब्लॉक बाहेर पडून बफरमध्ये जातो. परत `*a` वाचला की मिस होतो, आणि बफर अजून भरलेला आहे. `v` मध्ये ७ आला नाही तर तुमचा कंट्रोलर बफर तपासत नाही. चाचणीआधी मेमरीत त्या पत्त्यावर ७ नाही याची खात्री करून घ्या, नाहीतर शिळा डेटाही बरोबर दिसेल.

इथली एक गंमत नीट समजून घ्या. ही चूक आमच्या कंट्रोलरमध्ये पहिल्या दिवसापासून होती, पण बफर घाईने लिहीत होता तोवर ती कधी दिसलीच नाही. `*b` चा ब्लॉक येताच बफर मेमरीत लिहायला लागायचा, `*a` चं वाचन त्या लिखाणामागे रांगेत थांबायचं, आणि पोचेपर्यंत मेमरीत ताजा डेटा गेलेला असायचा. १६ क्लॉक थांबायला शिकवल्याबरोबर चाचणी नापास झाली. तेव्हा बफरचं धोरण बदललं की ही चाचणी दर वेळी परत चालवा. एकदा पास झाली म्हणून सोडून देऊ नका.

उपाय दोन आहेत. पहिला: वाचनाचा कोणताही मिस झाला की आधी बफर रिकामा करायचा. हे सुरक्षित आहे, पण ज्या ४० क्लॉकसाठी सगळा खटाटोप केला तेच परत गमावून बसता. दुसरा: बफरमधल्या ब्लॉकचा पत्ता मिस झालेल्या पत्त्याशी ताडून बघायचा. जुळला नाही तर वाचन पुढे जाऊ द्यायचं, जुळला तरच थांबवून बफर आधी लिहून काढायचा.

```verilog
assign hit_wb = wb_valid &&
                (wb_addr[31:6] == miss_addr[31:6]);
```

पत्त्याचे खालचे ६ बिट सोडले आहेत, कारण ब्लॉक ६४ बाइटचा आहे. कोणी पूर्ण ३२ बिट ताडतं आणि मग त्याच ब्लॉकमधला दुसरा वर्ड मागितला की तपासणी निसटते. वरच्या चाचणीत शेवटची ओळ `*(a + 1)` करून, आणि आधी तिथेही काही लिहून, हे पकडता येतं. जुळल्यावर बफरमधूनच थेट डेटा द्यायची सोयही करता येते, पण पहिल्या खेपेला तिच्या मागे लागू नका. जुळण्याचे प्रसंग कमी असतात, तेवढ्यापुरतं थांबणं परवडतं.

बफरची आणखी एक बाजू बाहेरच्या जगाशी जोडलेली आहे. आमच्या यंत्रात फिल्टर केलेले नमुने डीएमए मेमरीतून उचलून एसडी कार्डवर लिहितो. डीएमएला कॅशही दिसत नाही आणि बफरही दिसत नाही. कॅश फ्लश केली, पण फ्लश झालेला शेवटचा ब्लॉक बफरमध्ये १६ क्लॉकची वाट बघत बसला, तर कार्डावरच्या फाइलमध्ये नेमके १६ नमुने जुने निघतात. फाइलमध्ये चुकीचा भाग बरोबर एका ब्लॉकएवढा असेल तर संशय थेट बफरवर घ्या. `fence` सूचना आली की बफरने वाट बघणं सोडून लगेच लिहावं आणि रिकामा होईपर्यंत `fence` पूर्ण होऊ नये, एवढं कंट्रोलरमध्ये घाला. यूएआरटीसारख्या उपकरणांचे रजिस्टर तर कॅशमधून जाऊच देऊ नका.

अर्ली रिस्टार्ट: हवा तो वर्ड आला की निघा

आता राहिलेल्या ४२ कडे वळू. प्रोसेसरने मागितला एक वर्ड आणि आपण त्याला १६ वर्ड येईपर्यंत उभं करून ठेवतो. मागितलेला वर्ड आल्याबरोबर तो प्रोसेसरच्या हातात द्यायचा आणि बाकीचा ब्लॉक मागे भरत राहू द्यायचा, याला अर्ली रिस्टार्ट म्हणतात. यात मेमरीकडून येण्याचा क्रम तोच राहतो, ० पासून १५ पर्यंत.

आमच्या लूपमध्ये मिस नेहमी ब्लॉकच्या पहिल्याच वर्डवर होतो, म्हणून प्रोसेसर १२ व्या क्लॉकला सुटतो. पण म्हणून थांबणं ८४ वरून थेट २४ वर येत नाही. क्लॉकवार जाऊन बघू. ० ला `x` चा मिस. १२ ला वर्ड मिळाला, प्रोसेसर निघाला. १७ ला `y` चा मिस. पण मेमरी अजून `x` चा ब्लॉक पाठवते आहे, ती ४२ ला मोकळी होते. मग `y` चा पहिला वर्ड ५४ ला येतो. म्हणजे थांबणं १२, मग २५, मग १२, मिळून ४९.

पुढे ६४ व्या क्लॉकला `y[1]` लिहायची वेळ येते. `y` चा ब्लॉक भरणं ८४ पर्यंत चालणार आहे. तुमच्या कॅशमध्ये पूर्ण ब्लॉकला मिळून एकच व्हॅलिड बिट असेल, तर तो ८४ लाच लागेल आणि `y[1]` साठी प्रोसेसर परत २० क्लॉक थांबेल. एकूण थांबणं ६९, आणि १६ फेऱ्यांना २२९ क्लॉक.

म्हणून भरत असलेल्या ब्लॉकसाठी वर्डागणिक एक व्हॅलिड बिट ठेवा. हे १६ बिट कॅशमधल्या प्रत्येक ब्लॉकला लागत नाहीत. एका वेळी एकच ब्लॉक भरत असतो, तेव्हा एकूण १६ फ्लिपफ्लॉप पुरे. `y[1]` चा वर्ड ५६ लाच आलेला आहे, त्याचा बिट लागलेला आहे, म्हणून ६४ ला प्रोसेसर न थांबता लिहू शकतो. वर्ड दर २ क्लॉकला येतात आणि लूपला ते दर १० क्लॉकला लागतात, त्यामुळे पुढे कुठेच गाठ पडत नाही. थांबणं ४९ वर राहतं आणि एकूण २०९ होतात.

२८४ वरून २०९, म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त वेळ वाचला, आणि कॅश ४ केबीचीच आहे. बोर्डावर तुम्हाला या आकड्यांपेक्षा थोडे जास्त क्लॉक दिसतील, कारण एसडीरॅमला अधूनमधून रिफ्रेश करावं लागतं आणि तेवढा वेळ ती कुणालाच उत्तर देत नाही.

क्रिटिकल वर्ड फर्स्ट: क्रम बदलायचा तो कधी

वरच्या लूपमध्ये मागितलेला वर्ड नेहमी ब्लॉकच्या तोंडाशी होता. म्हणून क्रम बदलून तिथे एकही क्लॉक वाचला नसता. हे स्पष्ट सांगतो, कारण बरीच मुलं क्रिटिकल वर्ड फर्स्ट बसवतात, सरळ ॲरेवर मोजतात, आणि काहीच फरक पडला नाही म्हणून निराश होतात. त्याचा फायदा विखुरलेल्या वाचनात आहे. आमच्या यंत्रात पुढच्या टप्प्याला एक कोष्टक होतं. नमुन्याच्या किमतीवरून त्यातला कुठलाही एक वर्ड उचलावा लागायचा.

समजा मिस `0x80001028` वर झाला. ब्लॉक `0x80001000` ला सुरू होतो, `0x28` म्हणजे ४०, भागिले ४, म्हणजे हा १० क्रमांकाचा वर्ड. नुसत्या अर्ली रिस्टार्टने तो १२ अधिक २०, म्हणजे ३२ व्या क्लॉकला मिळतो. वर्ड कुठलाही असू शकतो असं धरलं तर सरासरी २७ येते. मेमरीकडून आधी १० वाच वर्ड मागितला तर दर वेळी १२. कोष्टकातलं एक वाचन सरासरी १५ क्लॉकने स्वस्त होतं.

मागायचा कसा, ते मधल्या बसवर ठरतं. एएक्सआय असेल तर `ARBURST` ची किंमत `2'b10` म्हणजे रॅप करा, `ARLEN` १५ आणि `ARSIZE` २ ठेवा, आणि पत्ता ब्लॉकच्या सुरुवातीचा न देता थेट `0x80001028` द्या. मग वर्ड १०, ११ असे १५ पर्यंत येतात, आणि तिथून वळून ० ते ९.

तुम्ही स्वतः एसडीरॅम कंट्रोलर लिहिला असेल तर क्रम वेगळा पडतो, आणि इथे फार सावध राहा. १६ बिटांच्या एसडीरॅमला ८ चा बर्स्ट सांगितला तर एका बर्स्टमध्ये १६ बाइट, म्हणजे ४ वर्ड येतात, आणि ती चिप त्या चार वर्डांच्या आतच वळते. १० पासून सुरू केलं तर पहिला बर्स्ट १०, ११, ८, ९ असा येतो. मग पुढचे बर्स्ट १२ ते १५, ० ते ३, ४ ते ७ असे मागावे लागतात. कॅश भरणारा काउंटर १०, ११, १२, १३ असं धरून चालला, तर ८ आणि ९ हे वर्ड १२ आणि १३ च्या जागी जाऊन बसतात. प्रोसेसरला मागितलेला पहिला वर्ड बरोबर मिळालेला असतो, म्हणून प्रोग्राम बराच वेळ ठीक चालल्यासारखा वाटतो.

हे पकडायची रीत: मेमरीच्या प्रत्येक वर्डमध्ये त्याचा स्वतःचाच पत्ता लिहून ठेवा. कॅश फ्लश करा, मग ब्लॉकच्या मधला एक वर्ड वाचून मिस घडवा, थोडं थांबा, आणि मग सोळाही वर्ड वाचून पत्त्याशी ताडा. हे सोळाही सुरुवातींसाठी करा. फक्त ०, ४, ८ आणि १२ पासून सुरू होणाऱ्या मिसवर चाचणी पास होत असेल आणि बाकीच्यांवर नाही, तर क्रमाचाच घोटाळा आहे. सगळ्यांत सोपा पक्का उपाय म्हणजे कॅशने क्रमाचा स्वतः अंदाजच करू नये. कंट्रोलरने प्रत्येक वर्डबरोबर त्याचा क्रमांकही ४ बिटांत पाठवावा आणि कॅशने तो वापरावा. जुना ब्लॉक बफरमध्ये उचलण्याचा क्रमही याच क्रमांकाला बांधून टाका.

हे कुठे चालणार नाही

क्रिटिकल वर्ड फर्स्ट पहिल्या वर्डआधीच्या १२ क्लॉकना हात लावत नाही. तो फक्त वाहतुकीच्या ३० मधून कापतो. म्हणून अरुंद मेमरीवर तो भरभरून देतो आणि रुंद, वेगवान मेमरीवर फार थोडं. डेस्कटॉपवरच्या डीडीआर४-३२०० चा ६४ बिटांचा चॅनल ६४ बाइट आठ ठोक्यांत, म्हणजे २.५ नॅनोसेकंदांत पाठवतो, आणि पहिला वर्ड यायलाच कित्येक दहा नॅनोसेकंद लागतात. तिथे सगळा क्रम फिरवूनही हाती लागतं ते दोन-सव्वादोन नॅनोसेकंद. राइट बफरचं तसं नाही. लिखाण वाटेतून बाजूला करणं दोन्हीकडे तेवढंच उपयोगी आहे.

दुसरी हद्द मेमरीच्या स्वतःच्या वेळेची. आमच्या १६ फेऱ्यांना मेमरी ८४ क्लॉक वाचते आणि ४० लिहिते, मिळून १२४. फिल्टरचं काम फेरीला १० क्लॉकवरून ३ वर आणलं तर प्रोसेसरचं काम ४८ च क्लॉकचं उरेल, पण एकूण १२४ च्या खाली जाणार नाही. तेव्हा बफरला लिहायला मोकळा वेळच मिळत नाही, तो कायम भरलेला दिसतो, आणि त्याची जागा दोनाची आठ ब्लॉक केली तरी काही फरक पडत नाही. अशा वेळी कमी बाइट हलवण्याचाच मार्ग उरतो: नमुने ३२ ऐवजी १६ बिटांत ठेवा, किंवा संपूर्ण लिहिला जाणारा `y` चा ब्लॉक आधी मेमरीतून वाचणं टाळा.

आणि `x` व `y` यांच्यात नेमकं ४ केबीच्या पटीतलं अंतर पडलं तर दोघं एकाच जागेसाठी भांडतात आणि प्रत्येक फेरीत दोन्ही मिस होतात. तिथे यातलं काहीच कामाला येत नाही. एका ॲरेआधी ६४ बाइटची जागा मोकळी सोडा, भांडण मिटतं.

आपण नेमके कुठे अडलो आहोत हे ओळखण्यासाठी `mcycle` च्या जोडीला कंट्रोलरमध्ये तीन काउंटर घाला: पहिल्या वर्डची वाट बघण्यात गेलेले क्लॉक, मेमरी दुसऱ्या कामात गुंतली म्हणून गेलेले, आणि भरत असलेल्या ब्लॉकमधल्या पुढच्या वर्डसाठी गेलेले. दुसरा मोठा दिसला तर बफर घाई करतो आहे किंवा मेमरीच भरलेली आहे. तिसरा मोठा दिसला तर वर्डागणिक व्हॅलिड बिट नाहीत किंवा ते चुकताहेत. पहिलाच तेवढा मोठा उरला, तर इथल्या उपायांनी मिळण्यासारखं तुम्हाला सगळं मिळालेलं आहे.